खोडलेला आकडा

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आमच्या तालुक्याच्या मंगल कार्यालयात सेल लागला होता. चार दिवस भोंगा लावलेला ऑटो गावोगाव फिरत होता, आणि सोयाबीन काढून थकलेल्या माणसांच्या कानावर दिवसातून तीनदा तेच पडत होतं, ‘चला चला, शेवटचे दोन दिवस’. आईला घेऊन मी गेले तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. हॉलमध्ये नव्या सिंथेटिक कापडाचा, रॉकेलची आठवण करून देणारा वास भरला होता. जेवणावळीच्या टेबलांवर साड्यांचे ढीग, आणि ढिगांत कोपरापर्यंत हात घालून उलथापालथ करणाऱ्या बाया. आईनं बराच वेळ काही घेतलं नाही. मग जांभळ्या रंगाची, जरीसारख्या काठाची एक साडी तिच्या हाताला लागली. लेबलवर १,४९९ छापलेलं, त्यावर लाल स्केचपेननं आडवी रेघ, आणि खाली त्याच पेननं मोठ्या अक्षरात ६९९. आईनं साडी घडी करून छातीशी धरली ती पैसे देईपर्यंत सोडली नाही. बस स्टँडवर उसाचा रस पिताना ती मला म्हणाली, “पाय ना, पंधराशेची साडी सातशेत भेटली. आठशे रुपये वाचले.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी तालुक्याच्याच कॉलेजात बी.कॉम.च्या पोरापोरींना मार्केटिंग शिकवते. किमतीच्या शेवटी नऊ का लावतात हा धडा दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी फळ्यावर ६९९ लिहून सांगते की गिऱ्हाईक डावीकडचा सहा आधी वाचतं, त्यामुळे वस्तू सहाशेच्या घरातली वाटते. इथे माझी सख्खी आई ६९९ ला सातशे म्हणत होती आणि १,४९९ ला पंधराशे. दोन्ही नऊ तिनं क्षणात पुसून टाकले होते. तरीही साडी घेतली होती, आणि खूश होती.

मग तिला नेमकं कशानं पकडलं?

गावाकडे येणाऱ्या बसमध्ये मी आकडे मराठीत मनाशी म्हणून पाहत होते. इंग्रजीत एकोणचाळीस म्हणताना ‘थर्टी’ आधी येतं. आपल्याकडे एकोणचाळीस म्हणजे एकानं उणे चाळीस, शब्दातच पुढचा दहा येऊन बसलेला. एकोणपन्नास ऐकलं की कानात पन्नास वाजतं. म्हणूनच की काय, आमच्या आठवडी बाजारात वांग्याचा, मिरचीचा भाव कुणी एकोणचाळीस सांगत नाही. वीस, तीस, चाळीस, ‘पन्नासचे दोन’. नवाची किंमत तोंडी चालत नाही, तिला छापील लेबल लागतं, कारण कागदावर ३९ मध्ये तीनच आधी दिसतो. शेकड्यात गेलं की मात्र मराठीही इंग्रजीच्या बाजूला जाते, सहाशे नव्याण्णव म्हणताना सहाशे आधी येतात. आईनं लेबल वाचलं होतं, पण बोलताना पूर्ण आकडा केला. सुटा रुपया दुकानदार परत देतच नाही, त्याजागी गोळी देतो, मग ६९९ म्हणजे सातशेच, असा तिचा साधा हिशेब.

नऊचं खरंच काही चालतं का, याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मला एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर या दोघांच्या २००३ साली छापून आलेल्या प्रयोगात दिसतो. अमेरिकेत बायकांचे कपडे टपालानं विकणाऱ्या एका कंपनीचा कॅटलॉग त्यांनी तीन प्रकारे छापून घेतला. चित्रं तीच, मजकूर तोच, फक्त काही कपड्यांची किंमत एका कॅटलॉगमध्ये ३४ डॉलर, दुसऱ्यात ३९, तिसऱ्यात ४४. कोणत्या घरी कोणता कॅटलॉग जाईल हे निव्वळ योगायोगावर सोडलं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. दुकानात नऊ लावल्यावर विक्री वाढली असं आपण म्हणतो तेव्हा त्या आठवड्यात सण होता, पगार झाला होता, शेजारचं दुकान बंद होतं, असं काहीही असू शकतं. इथे घरं सारखी, कपडे सारखे, बदल फक्त आकड्याचा. ३४ डॉलरला १६ कपडे गेले. ४४ ला १७. आणि ३९ ला २१. स्वस्तातल्या ३४ पेक्षा पाच डॉलर महाग असलेलं ३९ जास्त विकलं गेलं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

मी मात्र त्यांना तिथे थांबू देत नाही. सोळा, सतरा आणि एकवीस हे फार लहान आकडे आहेत, चार बायकांचं मन बदललं असतं तर चित्र निराळं दिसलं असतं. म्हणून त्या दोघांनी आणखी प्रयोग केले आणि नऊचा परिणाम पुन्हा मिळाला, पण सगळीकडे सारखा नाही. कॅटलॉगमध्ये पहिल्यांदाच आलेल्या कपड्यांवर तो जास्त होता, आधीच्या वर्षांत विकून झालेल्या कपड्यांवर कमी. आणि ज्या कपड्यांशेजारी ‘सेल’ असं छापलं होतं, तिथे नऊचा जोर उतरला. मला ही दुसरी गोष्ट एकवीसच्या आकड्यापेक्षा मोलाची वाटते. ज्या वस्तूची वाजवी किंमत आपल्याला ठाऊक नसते तिथे माणूस खुणा शोधतो. नऊ ही एक खूण आहे, ‘सेल’ ही दुसरी. दुसरी आणि जास्त ठळक खूण समोर आली की पहिलीकडे कोण बघतं?

डाव्या आकड्याची गोष्टही कुठवर खरी ते तपासलेलं आहे. मनोज थॉमस आणि विकी मॉर्विट्झ यांनी २००५ मध्ये दाखवलं की २.९९ आणि ३.०० यांतला एक सेंट लोकांना बराच मोठा वाटतो, पण ३.५९ आणि ३.६० यांतला तोच एक सेंट जवळजवळ जाणवत नाही. म्हणजे जादू नवाची नाही, डावा आकडा बदलण्याची आहे. पुढे अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या विक्रीच्या नोंदी घेऊन अवनेर स्ट्रुलोव-श्लेन यानं हिशेब मांडला, ९९ सेंटवरून पुढच्या डॉलरवर जाताना वाढणारा एक सेंट गिऱ्हाईकं वीस सेंटांहून मोठ्या वाढीसारखा मानतात. आपल्याकडे मला हे बियाण्याच्या दुकानात दिसलं. बीटी कापसाच्या थैलीची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं. आधी ८५३ होती, मग ८६४ झाली, त्या अकरा रुपयांबद्दल गावात कुणी तोंड उघडलं नाही. २०२५ च्या हंगामात ती ९०१ झाली आणि पारावर चर्चा सुरू झाली, “थैली नऊशेच्या वर गेली बाप्पा.” सदतीस रुपयांची वाढ अकरापेक्षा मोठीच, हे कबूल. पण सदतीसचं नाव मी कुणाच्या तोंडी ऐकलं नाही, जे ते नऊशेचंच बोलत होतं. ८९९ ठेवली असती तर दोन रुपयांत ती चर्चा निम्मी झाली असती असं मला राहून राहून वाटतं.

पण आईच्या साडीचं उत्तर यात नव्हतंच. ते त्या लाल रेघेखाली होतं.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. मी लेबल काढून ठेवलं होतं. साडी त्यांच्या हातात देऊन विचारलं, कितीची असेल? काकूंनी पदर चिमटीत धरून दोन बोटांत घासला, काठाची उलटी बाजू पाहिली, सुटलेला एक दोरा ओढून बघितला आणि म्हणाल्या, “साडेचारशे. लय झाले तर पाचशे.” मग आईला म्हटलं, लेबल नसतं तर तू किती म्हणाली असतीस? तिनंही तसाच पदर घासला. बराच वेळ घासला. “हजारापर्यंत जाते,” ती म्हणाली, आणि जरा थांबून, “पण मी तं लेबल पायलं ना आता. खरं कसं सांगू?”

दोन बायकांच्या दोन अंदाजांनी काही सिद्ध होत नाही, पण आईचं ते शेवटचं वाक्य मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अचूक वाटलं. आधी दिसलेला आकडा जहाजाच्या नांगरासारखा मनात रुतून बसतो आणि त्यानंतरचे अंदाज त्याच्या आसपासच फिरतात, हे ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. त्यांनी लोकांसमोर एक चक्र फिरवलं. ते १० वर किंवा ६५ वरच थांबेल अशी व्यवस्था केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतल्या देशांचं प्रमाण किती टक्के? ज्यांच्यासमोर दहा आला त्यांचा मधला अंदाज २५, ज्यांच्यासमोर पासष्ट आला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही हे सगळ्यांना दिसत होतं, तरी.

त्यावरून काहींनी असा अर्थ काढला की कुठलाही आकडा दाखवून माणसाकडून कितीही पैसे काढता येतात. २००३ मध्ये डॅन एरिअली आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना आपापल्या सरकारी ओळख क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे लिहायला लावले, एवढ्या डॉलरला ही वस्तू घ्याल का असं विचारलं, आणि मग खरी बोली लावून घेतली. एका बिनतारी कीबोर्डला सगळ्यात लहान क्रमांकवाल्या गटानं सरासरी १६ डॉलर देऊ केले आणि सगळ्यात मोठ्या क्रमांकवाल्यांनी ५६. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थरारून गेले होते, वर्गातही रंगवून सांगितलं होतं. नंतर, २०१२ मध्ये, फुडेनबर्ग, लेव्हाइन आणि मनियाडिस यांनी रोजच्या ओळखीच्या वस्तू घेऊन तशाच प्रकारचा प्रयोग केला तेव्हा परिणाम अगदीच क्षीण निघाला. तेव्हापासून मी तो प्रयोग शिकवते तेव्हा दोन्ही सांगते. असंबद्ध आकड्याची ताकद समजली जात होती तेवढी भरवशाची नाही. पण वस्तूवरच चिकटवलेला, पटण्याजोगा आकडा ही वेगळी गोष्ट. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी १९८७ मध्ये घरांचे दलाल एका घरात फिरवून आणले. सगळ्यांना घराची माहिती तीच दिली, फक्त मालकानं सांगितलेली किंमत वेगवेगळी. ज्यांना जास्त किंमत सांगितली त्यांनी घराचं मोल जास्त केलं. आणि विचारल्यावर बहुतेक दलाल म्हणाले, मालकाच्या किमतीकडे आम्ही लक्षच देत नाही.

आईला हाच हिशेब लावला तर चित्र उलगडतं. आठवडी बाजारात तिला कुणी वांग्याचा भाव ऐंशी सांगून साठवर आणू शकत नाही. ती न थांबता पुढच्या पालाकडे जाते, कारण वांग्याचा तिचा स्वतःचा भाव पक्का आहे. चवळी, तूरडाळ, मातीची चूल, केरसुणी, सगळ्याचा आहे. त्या चकचकीत जांभळ्या कापडाचा तिच्याजवळ भाव नव्हता. सुताचं असतं तर होता. रिकाम्या जागेत १,४९९ येऊन बसला. छापील किमतीहून जास्त घेता येत नाही असा कायदा आहे, पण छापील किंमत मुळात किती असावी यावर बहुतेक वस्तूंना कसलंच बंधन नाही. त्यामुळे खोडण्यासाठीच आकडा छापता येतो. गिऱ्हाइकाला वाचलेले आठशे दिसतात, पण ते आठशे मुळात कुठे होते हे कुणी विचारत नाही.

माझे आजोबा बैलबाजारात जायचे. दलाल आणि गिऱ्हाईक शेल्याखाली हात धरून बोटांनी भाव करायचे, बाजूला उभ्या माणसाला तोंडाचे भाव वाचण्याशिवाय काही कळायचं नाही. लहानपणी मला ते लबाडीचं वाटे. आता वाटतं, त्यात निदान एवढं होतं की एका जोडीसाठी ठरलेला आकडा पुढच्या गिऱ्हाइकाच्या कानात जाऊन बसत नसे. अर्थात शेल्याखाली शेतकरी किती नाडला गेला हेही कुणाला कळत नसे. आज बाजार समितीत कापसाचा, तुरीचा हर्रास उघड्यावर होतो आणि तेच बरं. पण उघड आकडा सगळ्यांच्या कानात जातो, आणि घरी येतो.

आमच्या घरी तो भिंतीवर आला होता.

२०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलमागे बारा हजारांच्या वर गेला. हमीभाव होता ६,०२५, म्हणजे दुपटीहून जास्त. न्यूयॉर्कच्या वायद्यात पौंडाला दीड डॉलरच्या वर भाव गेला होता. आमचा कापूस तोवर विकून झाला होता. बाबांनी तो जानेवारीतच साडेनऊला दिला होता, आणि त्या वेळी सगळ्या गल्लीत आनंदानं पेढे वाटले होते. एप्रिलमध्ये शेजारच्याचे शेवटचे सहा क्विंटल साडेबाराला गेले. बाबांनी त्या संध्याकाळी चुलीतला कोळसा घेऊन कापूस ठेवायच्या खोलीत, आतल्या भिंतीवर लिहिलं, १२,५००. का लिहिलं ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

पुढच्या हंगामात पऱ्हाटी बरी होती. सुरुवातीला आमच्याकडे नऊ हजारांच्या आसपास भाव होता, हमीभाव ६,३८०. एक वर्ष आधी नऊ हजार म्हणजे सण होता. त्या वर्षी मात्र बाबा म्हणाले, “नऊत नाई देत.” आमचेच नाहीत, साऱ्या गावाचे कापूस घरात राहिले. खोली छतापर्यंत भरली, मग ओसरी, मग माझ्या भावाची झोपायची जागा. फेब्रुवारीत अंगाला खाज सुटायला लागली, पोरांच्या मानेवर लाल पुरळ उठलं. आई रात्री उठून दिवा, चूल, उदबत्ती पुन्हा पुन्हा तपासायची, एक ठिणगी पडली तर काय या भीतीनं. कापूस सुकत गेला तसं वजनही उतरत गेलं, ते तर कुणी धरलंच नव्हतं. भाव आठवर आला तेव्हा व्यापारी दारात येऊन गेला. बाबांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मेअखेर, पेरणीला पैसे लागले तेव्हा, सात हजार एकशेला गाडी भरली.

मी हे नुसतं नांगराच्या खात्यात टाकत नाही. आदल्या वर्षी थांबलेल्यांना खरंच जास्त मिळालं होतं, त्यामुळे थांबणं हा मूर्खपणा नव्हता, अनुभव होता. जगात भाव उतरतोय ही बातमीही मोबाईलवर रोज येत होती, पण त्या बातमीत किती उतरेल ते लिहिलेलं नव्हतं. तरीही नऊ हजार हा तोटा कुणाला वाटावा? उत्पन्नखर्चाच्या हिशेबात नऊ हजारात घरात पैसे उरत होते. तोटा वाटत होता तो भिंतीवरच्या साडेबारातून वजा केल्यावर. सेलमध्ये आकडा दुकानदारानं लिहिला होता आणि खोडलाही होता, म्हणून आईला आठशे वाचल्यासारखे वाटले. इथे आकडा आम्हीच लिहिला, आणि खोडायला कुणी आलं नाही. वर्गात शिकवताना मी आजवर विकणाऱ्याच्या युक्त्याच सांगत आले. विकणाराच शेतकरी असेल आणि आकडा त्यालाच धरून बसला असेल तर काय, हे अभ्यासक्रमात नाही. या वर्षी मी ते सांगितलं. दोन पोरी रडवेल्या झाल्या, त्यांच्या घरीही ओसरी भरली होती.

एकदा मी बाबांना सरळ विचारलं, त्या आकड्यामुळे थांबलात का? “छ्या,” ते म्हणाले, “त्या आकड्याचा काय संबंध? बजार पाहून थांबलो.” मला टूसॉनचे दलाल आठवले, पण मी काही बोलले नाही.

या दिवाळीला खोलीला चुना द्यायचा होता. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८,११०, तो केंद्रावर कधी आणि किती ओलाव्याला मिळणार याचीच बोलणी घरात चालू होती. आई जुनं लुगडं नेसून, डोक्याला फडकं बांधून कुंचा घेऊन आत गेली. ती नवी जांभळी साडी पेटीत होती, लेबल परत तिच्या घडीतच ठेवलेलं. पहिला हात वाळला तसा कोळसा चुन्यातून पुन्हा वर आला, आधी एक आणि दोन, मग पाच, करड्या रंगात. बाबा दारात उभे होते. आईनं त्यांच्याकडे पाहिलं. ते काही वेळ भिंतीकडेच बघत राहिले आणि म्हणाले, “दुसरा हात मार.”

आईनं बादलीत कुंचा बुडवला. संध्याकाळपर्यंत तिनं तिसराही हात मारला होता.